घरच्या वायफायचा पासवर्ड : लांबलचक की अवघड?

मीनल_कर्वेनगर
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात घरी नवीन राउटर बसवला. बसवायला आलेल्या मुलाने यांचा मोबाइल नंबर विचारला आणि तोच पासवर्ड म्हणून टाकला. "मॅडम, आठ अक्षरं लागतात, हे तर दहा आहेत. बिनधास्त राहा," म्हणाला.

आमचे चिरंजीव दहावीत. त्यांना हे अजिबात पटलं नाही. कॅपिटल हवं, चिन्ह हवं, आकडा हवा असं म्हणत त्याने `M!n@l#92kQ` असलं काहीतरी ठेवलं. टीव्हीच्या रिमोटवरून ते भरताना माझा अर्धा तास गेला. सासूबाईंनी टॅबवर तीनदा चुकवलं. शेवटी मी ते कागदावर लिहून फ्रिजवर लावलं, म्हणजे आता दूधवाल्यालासुद्धा दिसतं.

तर प्रश्न असा : लांबी महत्त्वाची की असली चिन्हं? माझ्या अटी तीन. सासूबाईंना पाठ व्हायला हवा, रिमोटवरून भरता यायला हवा आणि पाहुण्यांना तोंडी सांगता यायला हवा. (हो, वरचा आता बदललाय. कोणी येऊन बसू नका आमच्या जिन्यात.)

सदाशिव_३०
आमच्याकडे पाहुण्यांना वायफाय सांगतच नाही. प्रश्न मिटला.

भाऊसाहेब_कोथरूड
चिरंजीव बरोबर आहेत. बँकेत तीस वर्षं काढली, तिथे हाच नियम होता. माझा पासवर्ड अमुक नाही, पण साधारण `Kothrud@411038` या धर्तीचा आहे. कॅपिटल आहे, चिन्ह आहे, आकडे आहेत, शिवाय चौदा अक्षरं. लक्षात ठेवायला सोपा. शिवाय चार-पाच वेळा चुकलं की राउटर अडवतोच ना. चोर किती वेळा प्रयत्न करणार?

हर्षद_वारजे
माझ्याकडे राउटर हॉलमध्ये आहे आणि बेडरूममध्ये रेंजच येत नाही. पासवर्ड लांब ठेवला तर स्पीड कमी होतो का? हल्लीच बदलला होता.

सदाशिव_३०
@हर्षद, हो, लांब पासवर्ड भिंतीत अडकतो.

निखिल_बावधन
@हर्षद, नाही, काही संबंध नाही. राउटर पॅसेजमध्ये, जरा उंचावर ठेवून बघा.

@भाऊसाहेब काका, "चुकलं की राउटर अडवतो" हीच समजूत सगळीकडे आहे आणि घोळ तिथेच आहे. मी याच क्षेत्रात काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा फोन वायफायला जोडला जातो तेव्हा फोन आणि राउटर यांच्यात चार निरोपांची देवाणघेवाण होते. पासवर्ड त्यात उघडा जात नाही, पण "तुलाही तोच माहीत आहे ना" याची खातरजमा करणारा एक आकडा जातो. हे निरोप हवेतूनच जातात, त्यामुळे जिन्यात उभा असलेला कोणीही ते टिपू शकतो. कोणी जोडलं जाण्याची वाट बघायचीही गरज नसते, तुमच्या फोनला क्षणभर ढकलून बाहेर काढलं की तो बिचारा स्वतःच परत जोडला जातो. एवढं मिळालं की तो माणूस घरी जातो. पुढचं सगळं त्याच्या स्वतःच्या मशीनवर चालतं. एक पासवर्ड घ्यायचा, गणित करायचं, टिपलेल्या आकड्याशी जुळतो का बघायचं, नाही जुळला तर पुढचा. तुमच्या राउटरला याचा पत्ताही नसतो, मग तो अडवणार कोणाला?

मग प्रश्न उरतो वेगाचा. डब्ल्यूपीए२ मध्ये, म्हणजे वायफायच्या नेहमीच्या सुरक्षा-पद्धतीत, प्रत्येक पासवर्डवर तेच गणित ४०९६ वेळा करावं लागतं, ते मुद्दाम संथ ठेवलंय. तरीही आरटीएक्स ४०९० सारखं एकच गेमिंग कार्ड सेकंदाला साधारण २५ लाख पासवर्ड तपासतं. आता मीनलताईंचा मोबाइल नंबर घ्या. आपले नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, पुढे नऊ आकडे. म्हणजे एकूण ४०० कोटी. भागाकार करा : १६०० सेकंद. सत्तावीस मिनिटांत भारतातले सगळे शक्य मोबाइल नंबर तपासून होतात. चहा करून प्यायचा, तेवढ्यात काम झालं.

मीनल_कर्वेनगर
सत्तावीस मिनिटं?! आणि यांचा नंबर तर गाडीच्या काचेवर लावलाय, "गाडी काढायची असल्यास फोन करा" म्हणून. सोसायटीच्या गेटवरच्या वहीतही आहे.

निखिल_बावधन
मग कार्डाचीही गरज नाही. :)

स्वरा_औंध
पण खरंच सांगा, हे करणार कोण? लाखाचं कार्ड घेऊन माझ्या वायफायवर कोण बसणार? माझ्या घरात चोरण्यासारखं काय आहे, रेसिपीचे व्हिडिओ? मला हे सगळं जरा भीती दाखवणं वाटतं.

निखिल_बावधन
@स्वरा, मुद्दा रास्त आहे. मुद्दाम तुमच्यावर कोणी टपलेलं नसतं. पण टिपायला स्वस्तातलं यूएसबी अडॅप्टर पुरतं आणि एका फेरीत शेकडो घरांचं टिपता येतं. २०२१ साली तेल अवीवमध्ये एका सुरक्षा-संशोधकाने हेच करून दाखवलं. शहरात फिरून ५००० वायफायचे निरोप टिपले आणि त्यांतले सुमारे ७० टक्के पासवर्ड काढले. बहुतेकांचं कारण तेच, तिथेही लोक मोबाइल नंबर ठेवतात. म्हणजे बसवणारी मुलं जगभर सारखीच.

चोरण्यापेक्षा मला भीती वेगळी वाटते. तुमच्या कनेक्शनवरून कोणी भलतंसलतं केलं, तर तपासात आधी पत्ता तुमचा निघतो.

स्वरा_औंध
हं. तरी माझ्या मते शेजारचं कॉलेजचं पोरगं फुकट नेट वापरतंय, हाच खरा धोका आहे. त्याच्यासाठी एवढं गणित नको.

गौरी_बिबवेवाडी
कॉलेजच्या पोरांना कमी समजू नका ताई! आमच्याकडे दोन मुली पेइंग गेस्ट होत्या. त्यांना पासवर्ड दिला, त्यांनी वरच्या मजल्यावर दिला, तिथून कुठे कुठे गेला कोण जाणे. एक दिवस नेट एवढं रांगायला लागलं की यादी बघितली, तर एकोणीस उपकरणं. आमची पाच. बदलला पासवर्ड, आणि मग स्वतःचीच वाट लागली. गीझरचा स्मार्ट प्लग, कॅमेरा, टीव्ही, प्रिंटर, सगळं परत जोडा. प्लग तर अजून रुसलाय. आता पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं केलंय, ते वाटेल तेव्हा बदलते.

भाऊसाहेब_कोथरूड
निखिलराव, मोबाइल नंबरचं पटलं, कारण नुसते आकडे आहेत. पण माझ्यात तर सगळंच आहे. चौदा अक्षरं! ऑनलाइन एका मीटरने "अतिशय मजबूत" म्हणून हिरवा दाखवलाय.

निखिल_बावधन
काका, तो मीटर अक्षरं मोजतो. फोडणारा तुम्ही ते कसे निवडले हे मोजतो. "गावाचं किंवा भागाचं नाव, मग चिन्ह, मग सहा आकडे" ही चाल त्याला पाठ असते. ढोबळ हिशेब करू. हजार नावं धरा, पहिलं अक्षर कॅपिटल किंवा नाही म्हणजे दोन तऱ्हा, चिन्हं दहा, सहा आकडी संख्या दहा लाख. गुणाकार २००० कोटी. त्याच कार्डावर सव्वादोन तासांच्या आत. आणि आकडे पुण्याचे पिनकोड असणार हे ओळखलं, तर चहाही उकळणार नाही.

तो कॅपिटल-आकडा-चिन्हाचा नियमही कुठून आला ते सांगतो. २००३ साली अमेरिकेच्या मानक संस्थेत, एनआयएसटीत, बिल बर यांनी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतून तो जगभर पसरला. २०१७ मध्ये त्यांनीच मुलाखतीत सांगितलं की त्यातल्या बऱ्याचशा सल्ल्याचा आता पश्चात्ताप होतो. लोक नियम पाळतात, पण सगळे एकाच पद्धतीने पाळतात. पहिलं अक्षर कॅपिटल, शेवटी `@123`.

भाऊसाहेब_कोथरूड
... बदलतो. (शेवटी १२३ नव्हतं हं माझ्यात.)

मंदार_सिंहगड_रोड
म्हणजे लांबी जिंकली ना? मग सोपं आहे. एखाद्या अभंगाची ओळ रोमनमध्ये टाका. तीस-पस्तीस अक्षरं, घरात सगळ्यांना पाठ. आणि इंग्रज चोराकडे मराठी कुठलं असणार!

निखिल_बावधन
@मंदार, अर्धं बरोबर. लांबी मोजायची ती निवडींची, अक्षरांची नाही. पस्तीस अक्षरांची प्रसिद्ध ओळ ही फोडणाऱ्याच्या यादीत एकच नोंद आहे. गाणी, अभंग, आरत्या रोमन लिपीत नेटवर ढिगाने आहेत, त्या उचलायला मराठी यायला लागत नाही. आणि पुण्यातल्या वायफायवर बसलेला चोर इंग्रजच कशावरून?

मी स्वतः फाशांनी शब्द निवडतो. इंग्रजीत ७७७६ शब्दांच्या तयार याद्या मिळतात. फासा पाचदा टाकायचा, आलेल्या आकड्यांसमोरचा शब्द घ्यायचा. असे चार शब्द घेतले तर त्या कार्डाला सगळे तपासायला ४६ वर्षं लागतात. पाच घेतले तर साडेतीन लाख वर्षं. एक शब्द वाढवला की ७७७६ पट, हीच खरी लांबी. सगळं लहान लिपीत, चिन्ह एकही नाही. डब्ल्यूपीए२ मध्ये ६३ अक्षरांपर्यंत चालतं, त्यामुळे जागेची चिंता नाही.

मीनल_कर्वेनगर
कल्पना आवडली, पण सासूबाईंना इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग जमणार नाही. मी मराठी शब्द घेऊन बघितले. खिडकी, पाऊस, डबा, भोपळा. घरातल्या चौघांना लिहायला सांगितलं तर पाऊस चार प्रकारे आला : `paus`, `paaus`, `paoos`, `pavus`. खिडकीत एकाने `kh` च्या जागी `k` लिहिलं. पाहुण्यांची काय गत होईल?

निखिल_बावधन
ताई, आणि हे शब्द तुम्ही डोक्यातून काढलेत. माणूस डोक्यातून काढतो ते शब्द हजारेकच असतात, स्वयंपाकघरातले नि बागेतले. हजारातले चार म्हणजे १ लाख कोटी जोड्या, साडेचार-पावणेपाच दिवसांचं काम. मोबाइल नंबरपेक्षा पुष्कळ बरं, पण फाशांनी निवडलेल्या चार शब्दांच्या जवळपासही नाही.

स्पेलिंगच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, खरंच. मराठीची तयार यादी करायची तर प्रत्येक शब्दाचं एकच रोमन रूप ठरवावं लागेल.

शुभदा_बाई
मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, आता निवृत्त. संगणकातलं फार कळत नाही, पण स्पेलिंगवरून सुचलं. शब्द हवेतच कशाला? बाराखडी घ्या. पहिलीतली मुलं "का की कू" वाचतात, तेव्हा त्यात अर्थ कुठे असतो? पण पाठ होतं, कारण लय असते.

एका कागदावर तीन ओळी लिहायच्या, प्रत्येकीत सहा अक्षरं :

क ख ग च ज त
द न प ब म य
र ल श स ह भ

ट, ड, ण मुद्दाम गाळले, रोमनमध्ये ते त, द, न सारखेच लिहिले जातात. व पण गाळला, कारण कोणी `v` लिहितं, कोणी `w`. आता सापशिडीतला फासा घ्या. पहिल्यांदा १-२ आला तर पहिली ओळ, ३-४ ला दुसरी, ५-६ ला तिसरी. दुसऱ्यांदा टाकून ओळीतलं कितवं अक्षर ते ठरवा. तिसऱ्यांदा स्वर : १ ला `a`, २ ला `i`, ३ ला `u`, ४ ला `e`, ५ ला `o`. ६ आला तर फक्त स्वरासाठी परत टाका. ऱ्हस्व-दीर्घ नाही, सगळे स्वर एकेरी.

मी आत्ताच दहादा करून बघितलं. पहिली खेप २, ६, ५ : पहिली ओळ, सहावं अक्षर त, स्वर `o`, म्हणजे तो. पुढची ४, २, १ : दुसरी ओळ, न, `a`, म्हणजे ना. असं करत आलं : तो ना सु गे मी रो पा जु ले की. निखिल, हे तुमच्या हिशेबात बसतं का?

निखिल_बावधन
बाई, मी हातातलं काम बाजूला ठेवून हिशेब केला. अठरा व्यंजनं गुणिले पाच स्वर, एका अक्षराच्या ९० शक्यता. आठ अक्षरांना त्या कार्डाला ५४ वर्षं, म्हणजे माझ्या चार इंग्रजी शब्दांपेक्षा थोडं जास्तच. दहा अक्षरांना चार लाख वर्षांहून अधिक. अर्थात हा सगळं तपासायचा वेळ, सरासरीने निम्म्यात सापडतो. आणि कोणी शंभर कार्डं लावली तर आठ अक्षरांचे ५४ वर्षांवरून साडेसहा महिने होतात. म्हणून दहाच ठेवा.

पद्धत इथे जाहीर झाली म्हणून काही बिघडत नाही, मी वरचे आकडे चोराला तुमचा तक्ताही माहीत आहे असं धरूनच काढलेत. फक्त एक पथ्य : आलेलं आवडलं नाही म्हणून पुन्हा पुन्हा टाकत, गोड वाटेल ते निवडायचं नाही. तिथे परत डोकं शिरतं.

मंदार_सिंहगड_रोड
तोनासुगेमीरो! हे कोणाला पाठ होणार? मला चार शब्दांचं चित्र डोळ्यांसमोर येतं, ह्याचं काय येणार? माझं मत शब्दांनाच.

गौरी_बिबवेवाडी
मला तर "पाजु लेकी" ऐकून चित्र आलं. लेकींना काहीतरी पाजतायत. :D

ओंकार_पिंपळे
पाठ कशाला करायचं? क्यूआर करा आणि हॉलमध्ये फ्रेम करून लावा. फोन धरला की जोडलं. मजकूर असा असतो :

```
WIFI:T:WPA;S:Aaji-Ghar;P:tonasugemiropajuleki;;
```

पासवर्डमध्ये `;` `,` `:` किंवा `\` असेल तर त्याच्याआधी `\` लावावं लागतं, नाहीतर कोड वाचलाच जात नाही. एका मित्राकडे तासभर यात घालवलाय. चिन्हं नसलेला पासवर्ड इथेही बरा.

आणि राउटरच्या पानावर `WPS`, म्हणजे पासवर्ड न भरता पिनने जोडायची सोय, चालू असेल तर बंद करा. जुन्या राउटरवर त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे फार तर ११ हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ लाच उघड झालंय. मग पासवर्ड चाळीस अक्षरी असला तरी मागचं दार उघडंच.

स्वरा_औंध
क्यूआर हॉलमध्ये म्हणजे मीनलच्या फ्रिजवरच्या कागदासारखंच झालं की. दूधवाल्याकडेही फोन असतो.

ओंकार_पिंपळे
गेस्ट नेटवर्कचा लावायचा, मुख्य नाही. हे लिहायला हवं होतं.

सचिन_हडपसर
माझ्या राउटरवर `WPA3` आहे. मग हे सगळं माफ ना?

निखिल_बावधन
बऱ्याच अंशी. डब्ल्यूपीए३ मध्ये टिपून घरी नेऊन तपासता येत नाही, प्रत्येक प्रयत्नाला राउटरशीच बोलावं लागतं. पण बहुतेक घरांत `WPA2/WPA3` असं मिश्र ठेवलेलं असतं, कारण जुना टीव्ही नाहीतर बल्ब नुसत्या तीनवर चढत नाही. मिश्र असेल तर जुन्या उपकरणांचे निरोप डब्ल्यूपीए२ चेच, आणि पासवर्ड दोन्हींना एकच. त्यामुळे वरचं सगळं लागू.

मीनल_कर्वेनगर
अहवाल देते. काल रात्री जेवणं झाल्यावर सापशिडीचा फासा काढला. सासूबाईंनी टाकला, मुलाने तक्ता लावला, दहा अक्षरं झाली. (वरची नाहीत, वेगळी. शुभदाबाई, तुमची तर आता जगजाहीर झाली.) मुलाला शेवटी एक `@` घालायचाच होता, मी नाही घालू दिला.

रिमोटवर वीस अक्षरं पाच मिनिटांत भरली, कारण कीबोर्ड एकदाही बदलावा लागला नाही. सासूबाईंनी ती अक्षरं तीन, तीन आणि चार अशी तोडून जात्यावरच्या ओवीच्या चालीत बसवली, आणि आज सकाळी न बघता म्हणून दाखवली. अडचण एकच आली. ननंदेला फोनवर सांगताना त्या "ना" म्हणाल्या आणि तिने `naa` टाकलं. आता "प्रत्येक ए एकच" असं आधी सांगतात. प्रिंटर अजून जोडला गेलेला नाही, त्याला रविवारी बघेन.

गौरी_बिबवेवाडी
प्रिंटर जोडला गेला तर कसा ते इथे लिही. माझा प्लग अजून तसाच आहे.

भाऊसाहेब_कोथरूड
मीही केलं. फासा सापडेना, शेवटी नातवाच्या ल्यूडोतला घेतला. आलेली अक्षरं आठवत नाहीत म्हणून डायरीत लिहून डायरी कपाटात ठेवली आहे. निखिलराव, हे चालतं का?

निखिल_बावधन
चालतं काका. कपाटापर्यंत आलेल्या चोराला तुमचं वायफाय नको असतं.